भाडेकरू चांगले आहेत, पण आता घर आपल्यालाच लागतंय, कसं सांगायचं?

"आमचा इंदिरानगरला टू बीएचके आहे, दुसरा मजला, लिफ्ट आहे. तीन वर्षांपासून एकच फॅमिली भाड्याने राहतेय, नवरा अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये, मुलगी चौथीत. भाडं १३,००० आणि डिपॉझिट ४०,०००, कधी एक दिवस उशीर केला नाही. आता सिन्नरहून आई-वडिलांना इकडे आणायचंय, वडिलांचे गुडघे पार गेलेत, तिथला जिना जमत नाही. पावसाळ्याआधी आणायचंच आहे. अॅग्रीमेंट मागच्या मार्चमध्ये संपलं, परत केलंच नाही. आता जानेवारी चालू आहे. त्यांना न दुखवता कसं सांगू? वाईट वाटतंय खूप."

मी गेली सतरा वर्षं नाशकात भाड्याच्या घरांचं आणि लिव्ह अँड लायसन्सचं काम करतो, सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा हाच माझा पट्टा. त्यामुळे तुमच्यासारखे मालक वर्षातून आठ-दहा तरी भेटतातच. वाईट वाटतंय म्हणताय ते दिसतंय, पण आधी एक गोष्ट सांगतो ती मनाशी पक्की करा. वाईट वाटणारा माणूस मवाळ बोलतो आणि मवाळ बोलण्यानेच भाडेकरूचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. तुमचा चांगुलपणा वेळ देण्यात दाखवा, पैशात दाखवा, शब्द मात्र एकदम सरळ ठेवा.

गोविंदनगरच्या एका मॅडमची केस सांगतो म्हणजे लक्षात येईल. रिटायर्ड शिक्षिका, मुलगा-सून पुण्याहून परत येणार होते, सून गरोदर. दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन त्या भाडेकरूंकडे गेल्या आणि निघताना दारात म्हणाल्या, "भाऊ, मुलगा यायचं म्हणतोय हो, बघा तुमच्या सोयीने जमलं तर." झालं, एवढंच. त्यांच्या मते त्यांनी सांगितलं होतं. भाऊंनी काय ऐकलं, तर मुलगा यायचं म्हणतोय, अजून ठरलेलं नाही, आणि सोय आपली बघायची. मार्चमध्ये मॅडमनी फोन करून विचारलं कधी सोडताय, तेव्हा भाऊंनी मुलाची शाळेची पुढच्या वर्षाची फी भरून टाकलेली, शाळा त्याच गल्लीच्या टोकाला. मग दोन्हीकडून आवाज चढले. मी मध्ये बसलो तेव्हा भाऊ एकच वाक्य परत परत म्हणत होते, "मॅडम तुम्ही आम्हाला तारीख दिलीच नाही हो." आणि ते खरं होतं. दोघंही चांगली माणसं, तारीख नव्हती एवढंच.

तर तुमची तारीख आधी काढू. ती पुढून मागे मोजत यायची. आई-वडील पावसाळ्याआधी म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात यायला हवेत. गुडघे गेलेत म्हणजे बाथरूममध्ये काम निघणारच, कमोड खालचा असेल तर बदलावा लागेल, भिंतीला धरायला दांडे, खरबरीत फरशी, बाथरूमचा उंबरा काढायचा, वर रंग. प्लंबर आणि फरशीवाला वेळेवर मिळाला तरी पंधरा-वीस दिवस धरा. म्हणजे घर मेच्या मध्यापर्यंत रिकामं हातात पाहिजे. आता त्यांच्या बाजूने बघा. मुलगी चौथीत, वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबते, नवीन वर्ष जूनच्या मध्यात सुरू. ३० एप्रिल तारीख दिली तर परीक्षेच्या धावपळीत ते खोकी भरत बसतील. १५ मे दिली तर परीक्षा संपून दोन आठवडे हातात राहतात, नवीन घर लावून शाळा सुरू व्हायच्या आधी महिनाभर मोकळा मिळतो, शाळा बदलायची असेल तर दाखल्यालाही वेळ मिळतो. म्हणून १५ मे. बरेच जण "महिनाअखेर" म्हणून मोकळे होतात कारण भाड्याचा हिशोब सोपा पडतो, पण अर्ध्या महिन्याचं भाडं दिवसाप्रमाणे धरायला काय लागतं. (ज्यांच्या तारखा सप्टेंबरच्या आसपास येतात त्यांनी पितृपक्ष बघून घ्या, त्या पंधरा दिवसांत आपल्याकडे बहुतेक लोक घर बदलत नाहीत आणि तेव्हा तारीख दिली की ती आपोआप पुढे सरकते.)

जानेवारीत सांगितलं तर त्यांना साडेतीन महिने मिळतात. नेहमीच्या अॅग्रीमेंटमध्ये नोटीस एक महिन्याची असते, पण शाळेतलं पोर असलेल्या फॅमिलीला एका महिन्यात मनासारखं घर मिळत नाही, मिळेल ते घ्यावं लागतं.

आता सांगायचं कसं. व्हॉट्सअॅपवर पहिली बातमी देऊ नका, आणि रात्री तर नाहीच. फोन करून जा, म्हणा "रविवारी दहा-अकराला येऊ का, घराबद्दल बोलायचंय, दोघंही असाल तर बरं." दोघंही हे महत्त्वाचं, कारण नवऱ्याला एकट्याला सांगितलं की ती बातमी वहिनींपर्यंत वेगळ्याच रूपात पोचते आणि घर शोधायचं काम तर बहुतेक त्याच करणार असतात. त्यांची शिफ्ट बघा, नाईट करून आलेल्या माणसाला सकाळी नऊला हे ऐकवू नका. मुलगी समोर नसेल तर उत्तम. चहा आला की लगेच सांगा, अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा मारून उठताना सांगू नका. मी लोकांना साधारण असं बोलायला सांगतो:

"दादा, वहिनी, एक अवघड गोष्ट सांगायला आलोय. वडिलांचे गुडघे गेलेत, सिन्नरचा जिना त्यांना जमत नाही, आई-वडिलांना या घरात आणायचं ठरवलंय. त्यामुळे घर मला १५ मे ला लागेल. तुमच्यामुळे काही झालेलं नाही, तुमच्यासारखे भाडेकरू मिळत नाहीत. मुलीची परीक्षा झाल्यावर तुम्हाला वेळ मिळावा म्हणून ही तारीख धरलीय. त्याआधी कधीही घर मिळालं तर निघा, मी नोटीस मागणार नाही, जेवढे दिवस राहाल तेवढ्यांचंच भाडं घेईन."

आणि मग गप्प बसा. ते काही बोलतील, नाराज होतील, वहिनींच्या डोळ्यात पाणीही येईल कदाचित. त्या क्षणी "बघू, काही तरी करू, तुम्ही टेन्शन घेऊ नका" असं तोंडातून निघतं आणि तिथेच दिलेली तारीख विरघळते. टेन्शन त्यांना येणारच आहे. त्यापेक्षा पुढच्या मदतीचं बोला.

कारण सांगताना जेवढं खरं आहे तेवढंच सांगा, पण पूर्ण सांगा. "घरचा प्रॉब्लेम आहे" असं मोघम सांगितलं की समोरच्याला वाटतं भाडं वाढवायचंय म्हणून काढतायत, आणि मग तो म्हणतो "दोन हजार वाढवून देतो ना", आणि तुम्ही अडकता. वडील, गुडघे, जिना, लिफ्ट हे ऐकल्यावर भाड्याची बोलणी सुरूच होत नाहीत. आणि ज्यांचं कारण खरं नाही त्यांच्यासाठी हे उत्तर नाही. घरच्यांना लागतंय म्हणून चांगली फॅमिली काढायची आणि महिन्याभरात जास्त भाड्याने दुसऱ्याला द्यायचं, हे मी पाहिलंय, सोसायटीच्या वॉचमनकडून आठवड्यात कळतं आणि पुढच्या भाडेकरूलाही कळतं. अशी कामं मी घेत नाही.

आता मुख्य गोष्ट, डिपॉझिट. लोक गोड बोलण्यावर भर देतात पण भाडेकरूची खरी अडचण पैशाची असते, आणि ती मालकाच्या लक्षातच येत नाही. मांडून बघा. तीन वर्षांत भाडी वाढलीत, तसंच घर त्यांना धरा १५,००० ला मिळालं. डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे ४५,०००, ब्रोकरेज एक महिन्याचं १५,०००, टेम्पो आणि हमाल ६-७ हजार. एकूण ६६-६७ हजार, आणि हे सगळं तुमचं घर सोडायच्या आधी द्यायचं. त्यांचे स्वतःचे ४०,००० मात्र तुमच्याकडे अडकलेत, ते किल्ली दिल्यावर मिळणार. पगारावर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम एकदम कुठून येणार. मग ते नातेवाइकांकडे हात पसरतात किंवा घर शोधणंच लांबवतात, आणि मालकाला वाटतं मुद्दाम टाळतायत.

म्हणून माझा सल्ला, पहिल्याच भेटीत सांगून टाका की नवीन घराचं टोकन ठरलं की २५,००० तुम्ही लगेच परत देणार, उरलेले १५,००० किल्लीच्या दिवशी. २५,००० देताना नवीन घराच्या टोकनची पावती किंवा मालकाशी झालेला मेसेज बघा, पैसे बँकेतून ट्रान्सफर करा आणि "डिपॉझिटपैकी २५,००० परत, बाकी १५,०००" असं दोघांच्या सहीने लिहून ठेवा. "पैसे घेऊन गेले नाहीत तर" ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. टोकन दिलेला माणूस राहत नाही, त्याचेही पैसे तिकडे अडकलेले असतात. टोकनशिवाय आधीच पैसे देऊ नका एवढं मात्र पाळा.

आता तुमची कागदाची चूक, आणि ती छोटी नाही. अॅग्रीमेंट मार्चमध्ये संपलं आणि तुम्ही भाडं घेत राहिलात. नाशकात निम्म्या घरांमध्ये हेच चालतं, "माणसं चांगली आहेत, कशाला परत खर्च". काहींना वाटतं अकरा महिन्यांचंच आहे, रजिस्टर करायची गरज नाही. महाराष्ट्रात तसं नाहीये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. कागद नसेल आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं. वर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत शिक्षेचीही तरतूद आहे.

त्यामुळे मी तुमच्या जागी काय केलं असतं, तर १६ फेब्रुवारी ते १५ मे असं तीन महिन्यांचं नवीन रजिस्टर्ड अॅग्रीमेंट. खर्च बघा. तीन महिन्यांचं भाडं ३९,०००, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी तीन महिन्यांचे १,०००, बेरीज ४०,०००, त्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे १०० रुपये. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. वर ऑनलाइन करून देणाऱ्याचे पैसे. अंगठे घ्यायला माणूस घरी येतो, दोन साक्षीदार लागतात, आधार हाताशी ठेवा. हा सगळा खर्च तुम्ही करा, गरज तुमची आहे.

भाडेकरूला हा कागद आधी खटकतो, "आता विश्वास नाही का राहिला". त्याला नीट समजावा की हा कागद त्याच्याही कामाचा आहे, १५ मे पर्यंत त्याला कोणी हलवू शकत नाही हे त्यात लिहिलेलं असतं. आणि त्यात एक ओळ त्याच्या बाजूने टाकाच, की तो आठ दिवस आधी सांगून कधीही सोडू शकतो आणि त्याचं काही कापलं जाणार नाही. लॉक-इन, म्हणजे अमुक दिवस सोडता येणार नाही अशी अट, ठेवू नका. मात्र पहिल्या भेटीतच कागद पुढे करू नका. रविवारी बोला, आठ दिवस त्यांना पचवू द्या, मग विषय काढा.

भेट झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी एक मेसेज मात्र टाका, साधाच: "दादा, आज बोलल्याप्रमाणे आई-वडिलांना राहायला आणायचं असल्यामुळे घर १५ मे पर्यंत रिकामं करून हवंय. नवीन घराचं टोकन ठरलं की डिपॉझिटचे २५,००० लगेच देतो, बाकीचे किल्लीच्या दिवशी. घर शोधायला काही मदत लागली तर हक्काने सांगा." त्यांचं "ठीक आहे" आलं की तो मेसेज जपून ठेवा. तेच पत्र म्हणून दोन प्रतींत काढून एकीवर "मिळाले" अशी सही घेतलीत तर अजून चांगलं.

मदत म्हणजे नुसतं "सांगा हं" नाही. वहिनींना मुलीची शाळा जवळ पाहिजे असेल, दादांना अंबडला जायला सोपं पाहिजे, म्हणजे पाथर्डी फाटा, राणेनगर, सिडकोचा तो भाग बघावा लागेल. तुमच्या ओळखीत कोणाचं घर रिकामं होतंय का विचारा, थेट मालकाकडून मिळालं तर त्यांचे ब्रोकरेजचे १५,००० वाचतात. आणि नवीन मालकाला स्वतः फोन करून सांगा की तीन वर्षांत एकदाही भाडं लेट नाही, घर स्वच्छ ठेवलं, आम्हाला लागतंय म्हणून सोडतायत. हा एक फोन कुठल्याही कागदापेक्षा जास्त चालतो, मी स्वतः नवीन मालकाला भाडेकरू दाखवतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न हाच असतो, आधीचं घर का सोडलं.

एक चूक जवळपास सगळे करतात, ती सांगून ठेवतो. घर मिळणार म्हटल्यावर आपल्या घरच्यांना उत्साह येतो. आई येते किचन बघायला, भाऊ सुताराला घेऊन येतो ट्रॉल्यांचं माप घ्यायला, कोणीतरी वहिनींच्याच समोर म्हणतं "इथलं हे सगळं काढून टाकू". त्या बाईने तीन वर्षं तो ओटा पुसलाय. माप घ्यायला एकदाच जा, आधी विचारून, त्यांच्या सोयीच्या वेळी, आणि रंगाची चर्चा खाली पार्किंगमध्ये करा.

मार्चच्या शेवटी एकदा चौकशी करा. खरोखर शोधणारा माणूस आपणहून सांगतो, राणेनगरचं पाहिलं पण पार्किंग नाही, अमुक ठिकाणी सोळा मागतात. नुसतं "चालू आहे शोधणं" एवढंच येत असेल तर बहुतेक पैसे अडकलेत किंवा मनाने अजून घेतलेलं नाही, परत एकदा समोरासमोर बसा. एप्रिलअखेर घर ठरलंय पण तिकडचा माणूस २५ मे ला सोडणार आहे असं झालं तर दहा दिवस द्या, लेखी द्या, रंगकाम थोडं पुढे सरकेल एवढंच. घर ठरलंच नसेल तर मोघम मुदतवाढ देऊ नका.

आणि समजा १५ मे उलटून गेली, निघायची चिन्हंच नाहीत. तुमच्याकडे तसं होईल असं मला वाटत नाही, पण माहीत असावं. पाणी तोडणं, लाईट बंद करणं, कुलूप बदलणं हे काही करायचं नाही, कायद्याने ते चालत नाही आणि तुमची बाजू तिथेच पडते. रजिस्टर्ड अॅग्रीमेंटची मुदत संपली असेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, समन्स मिळाल्यावर समोरच्याला लढायचं असेल तर ३० दिवसांत परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांची नुकसानभरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने मागता येते. तरी महिने जातात, त्यामुळे हा रस्ता शेवटचाच. आणि हे वाक्य भाडेकरूसमोर धमकीसारखं कधीही काढू नका. (रविवार कारंजा, मेनरोड, पंचवटी भागात जुन्या वाड्यांतले पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू आहेत, त्यांना यातलं काही लागू करू नका. तिथे कलम १६ खाली कोर्टात जावं लागतं, स्वतःची खरी गरज सिद्ध करावी लागते आणि कोणाची अडचण जास्त होईल हे कोर्ट तोलतं. त्यासाठी वकीलच गाठा.)

किल्लीच्या दिवशी तुम्ही स्वतः जा, भावाला पाठवू नका. महावितरणच्या मीटरचा फोटो काढा, रीडिंग दोघांनी लिहून घ्या, कारण शेवटचं बिल नंतर येतं. मागच्या बिलावरून अंदाज करून तेवढेच पैसे मागे ठेवा, समजा १,२००, आणि बिल आलं की उरलेले त्याच दिवशी परत करा. तीन वर्षांत भिंतीचा रंग मळतो, खिळ्यांची भोकं पडतात, ते वापराचं आहे, डिपॉझिटमधून कापायचं नाही, तसाही तुम्ही रंग काढणारच आहात. फुटलेलं बेसिन किंवा तुटलेला दरवाजा असेल तर बोला. मग एका कागदावर ताबा मिळाल्याचं, किल्ल्या किती त्याचं, डिपॉझिट किती दिलं आणि बिलासाठी किती मागे ठेवलं ते लिहून दोघांच्या सह्या. सामान उतरत असताना हिशोबाचा कागद काढू नका, टेम्पो भरून झाला की शांतपणे करा, आणि त्यांना प्यायला पाणी आणून ठेवा, तोपर्यंत त्यांचा माठ खोक्यात गेलेला असतो.

एवढं झालं की सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र द्या की भाडेकरू गेले आणि आता आई-वडील राहतायत. तुमच्या मेंटेनन्समध्ये नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे घर भाड्याने दिलंय म्हणून सोसायटी घेते ते जादा पैसे, लागत असतील, सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपर्यंत. आई-वडील राहत असतील तर ते लावता येत नाहीत, पण पत्र दिल्याशिवाय कोणी आपणहून बंद करत नाही.